गाव नावाच्या डोक्यावर की शेपटीला? बेळगावकडच्या इनिशियलच्या घोळाची पार्श्वभूमी

कन्नड साहित्यातली दोन मोठी नावे घ्या. धारवाडचे द. रा. बेंद्रे आणि मलनाडातल्या कुप्पळीचे के. व्ही. पुट्टप्पा, म्हणजे कुवेंपु. दोघेही ज्ञानपीठाचे मानकरी, एक 1973 चे आणि दुसरे 1967 चे. कागदावर दोन्ही नावे एकाच साच्यातली दिसतात, आधी दोन अक्षरे आणि मग एक शब्द. पण उलगडायला बसलात की वाटा वेगळ्या होतात. बेंद्रे म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे: पहिले अक्षर स्वतःच्या नावाचे, दुसरे वडिलांचे, शेवटचा शब्द आडनाव. पुट्टप्पा म्हणजे कुप्पळी वेंकटप्पा पुट्टप्पा: पहिले अक्षर गावाचे, दुसरे वडिलांचे, आणि स्वतःचे नाव सगळ्यांत शेवटी. त्यात आडनाव नाहीच.

आपल्याला पु. ल. देशपांडे वाचायची सवय. त्यामुळे अक्षरांनंतर जे उभे असेल ते आडनाव, असे आपण न विचारता धरून चालतो. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ते सहसा बरोबरही ठरते, आणि त्याचे कारण जुने आहे. बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार हे जिल्हे मुंबई इलाख्यात होते. तिथल्या दप्तरात नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी तीन घरे पडलेली असत, आणि घरी कन्नड बोलणारे लोकही त्याच साच्यात बसले. म्हैसूर संस्थानाकडची रीत वेगळी होती. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्य पुनर्रचना झाली, हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले (चंदगड तेवढे मुंबईकडे राहिले) आणि एकाच सरकारच्या कागदांत दोन्ही रीती शेजारी-शेजारी आल्या. राज्याचे नाव 1973 मध्ये कर्नाटक झाले, बेळगावचे 2014 मध्ये बेळगावी झाले, नावे लिहिण्याच्या रीती मात्र आहेत तिथेच आहेत.

मला यातली गंमत वाटते ती गावाची. गाव नावात घालायची हौस दोन्हीकडे सारखीच. धारवाडजवळच्या मन्सूरचे मल्लिकार्जुन मन्सूर झाले, आपल्याकडे तर ‘कर’ लावून निपाणीकर, खानापूरकर होतात. तिकडे देवनहळ्ळीचे गुंडप्पा मात्र डी. व्ही. गुंडप्पा. इकडे गाव शेपटीला गेले आणि त्याचे आडनाव झाले, तिकडे ते डोक्यावर बसले आणि नुसते अक्षर होऊन राहिले. हल्ली बंगळूर भागात ती अक्षरे नावाच्या मागेही लावतात, म्हणजे ‘काव्या एस. आर.’ अशी. तिथे शेवटचे अक्षर बघून आडनाव शोधायला जाल तर हाती काही लागणार नाही.

आता फॉर्मकडे येऊ. पॅनच्या 49ए या नमुन्यात आडनाव, पहिले नाव, मधले नाव अशी तीन घरे असत आणि तिथे इनिशियल चालणार नाहीत, पूर्ण नाव लिहा, अशी स्पष्ट सूचना असे. ज्याला एकच नाव आहे त्याने ते आडनावाच्या घरात लिहायचे. इनिशियलवाल्यांसाठी सूचनांत एक उदाहरणही होते: एम. एस. कंदस्वामी, म्हणजे मदुराई सोमसुंदरम कंदस्वामी. त्यात कंदस्वामी आडनावाच्या घरात जातो, मदुराई पहिल्या नावाच्या आणि सोमसुंदरम मधल्या. म्हणजे सरकारदरबारी या गृहस्थांचे पहिले नाव एक शहर! तरी तिकडच्या माणसाला हा नियम सोयीचा पडतो, कारण कार्डावर पहिले नाव, मधले, मग आडनाव असे छापले की नाव मुळासारखेच लागते. आपल्या माणसाला मात्र हाच नियम उलटा बसतो.

ओळखीतलीच एक गोष्ट सांगतो, नाव बदलून. खानापूर तालुक्यातली अश्विनी परशराम पाटील. वडील नोकरीला बंगळूरला, त्यामुळे शाळाही तिकडची. हजेरीत सगळ्यांच्या नावामागे दोन अक्षरे, म्हणून बाईंनी हिलाही तसेच केले, आणि दहावीच्या मार्क्स कार्डावर छापून आले ASHWINI P P. वडिलांच्या रकान्यात PARASHURAM PATIL. आधार शाळेच्या कागदांवरून निघाले, तेही ASHWINI P P. 2014 मध्ये पॅन काढायला ती तिथल्याच एका दुकानात गेली. इनिशियल चालत नाहीत म्हटल्यावर दुकानदाराने कंदस्वामीच्या चालीने ती उलगडली: आडनाव ASHWINI, पहिले नाव PARASHURAM, मधले PATIL. कार्ड आले PARASHURAM PATIL ASHWINI. तीन-चार वर्षांनी ती बेळगावात नोकरीला लागली, आधार-पॅन जोडायला गेली आणि नाव जुळत नाही म्हणून अर्ज परत आला.

इथे घाई करून जो कागद समोर येईल तो दुरुस्त करत सुटलो की गुंता वाढतो. आम्ही आधी एका कोऱ्या पानावर दोन्ही ‘पी’पुढे लिहिले, कुणाचा कोणता. एक वडिलांचा, एक आडनावाचा; गावाचा एकही नाही. मग स्पेलिंग. मराठीत आपण परशराम म्हणतो, कन्नड कारकून परशुराम लिहितो, इंग्रजीत दोन्ही वेगळी. वडिलांच्या स्वतःच्या पॅनवर PARASHRAM होते, तेच कायम केले. मुलीच्या कागदासाठी वडिलांचे स्पेलिंग वडिलांच्याच ओळखपत्रावरून घ्यावे; मार्क्स कार्डावरून घेतले की बापाचेही दोन अवतार होतात.

सुदैवाने गावाकडे परतल्यावर काढलेले तिचे मतदार ओळखपत्र पूर्ण नावाचे होते. त्यावर आधी आधार दुरुस्त केले. आधारमधले नाव आयुष्यात दोनदाच बदलून मिळते, त्यामुळे अर्ज पाठवण्याआधी प्रत्येक अक्षर दोघांनी वाचले. आधार हाती आल्यावर त्याच नावाने पॅन-दुरुस्ती: आडनाव PATIL, पहिले नाव ASHWINI, मधले PARASHRAM. मार्क्स कार्ड तसेच राहिले. त्यासाठी दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असे नोटरीचे प्रतिज्ञापत्र करून ठेवले आहे. त्याचा उपयोग समोरचा साहेब मानेल तेवढाच, कारण त्याने कुठल्याही कागदावरचे नाव बदलत नाही. दहावीची मुले घरात असतील तर परीक्षेचा अर्ज शाळेतून जाण्याआधीच नाव बघून घ्या, तेव्हा ते एका रेघेचे काम असते.

सीमेपलीकडे, कोल्हापूरच्या बाजूला शिकलेल्यांचा घोळ वेगळा. महाराष्ट्र बोर्ड आडनाव आधी छापते, PATIL ASHWINI PARASHRAM असे. पहिले नाव आधी मागणाऱ्या फॉर्मच्या घरांत हे जसेच्या तसे ओळीने भरले की पाटील पहिले नाव होते. लग्नानंतर मधल्या घरात नवऱ्याचे नाव येते तो आणखी एक फाटा, पण तिथे निदान आडनाव कुठले याचा संशय नसतो.

कुणाचा जुना पॅन हातात आला तर तो काढताना काय धरले होते ते नंबरच सांगतो. चौथे अक्षर P, म्हणजे व्यक्ती. पाचवे अक्षर आडनावाच्या घरात लिहिलेल्या शब्दाचे पहिले अक्षर. पाटलांच्या घरात तिथे P हवा. अश्विनीच्या कार्डावर आता नाव बरोबर आहे, पण दुरुस्तीने नंबर बदलत नाही, त्यामुळे पाचव्या जागी अजून A आहे.