बॅकअप : पूर्ण, इन्क्रिमेंटल व डिफरेन्शियल

संगणकावरील माहितीची राखीव प्रत घेण्याच्या तीन पद्धती. पूर्ण बॅकअपमध्ये निवडलेल्या सर्व फायली दर वेळी उतरवल्या जातात. इन्क्रिमेंटलमध्ये लगेच आधीच्या बॅकअपनंतर, मग तो कोणत्याही प्रकारचा असो, बदललेल्या फायलीच घेतल्या जातात, तर डिफरेन्शियलमध्ये शेवटच्या पूर्ण बॅकअपनंतर बदललेल्या सर्व फायली रोज नव्याने घेतल्या जातात.

या विभागणीचा उगम नेमका सांगणे अवघड आहे. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीतील (1975) `dump` या आज्ञेकडे सहसा बोट दाखवले जाते. या आज्ञेच्या रूढ पद्धतीत 0 ते 9 अशा पातळ्या असतात. 0 म्हणजे पूर्ण बॅकअप. पुढची कोणतीही पातळी तिच्याहून खालच्या पातळीच्या शेवटच्या बॅकअपनंतरचे बदल घेते. म्हणजे रोज पातळी 1 चालवली की डिफरेन्शियल होते आणि 1, 2, 3 असे चढत गेले की इन्क्रिमेंटल. त्यामुळे या दोन वेगळ्या पद्धती न मानता एकाच पद्धतीची दोन वेळापत्रके मानणे अधिक सयुक्तिक वाटते. नावांबाबत मात्र एकमत नाही. ओरॅकलच्या आरमॅन या बॅकअप साधनात ‘डिफरेन्शियल इन्क्रिमेंटल’ म्हणजे येथील इन्क्रिमेंटल, आणि येथील डिफरेन्शियलला तेथे ‘क्युम्युलेटिव्ह’ म्हणतात. म्हणून सॉफ्टवेअर बदलताना पर्यायाच्या नावावर न जाता बदल कधीपासूनचे मोजले जातात ते पाहावे.

विंडोजमध्ये फाइल बदलली की तिच्यावर ‘आर्काइव्ह’ खूण लागते. `xcopy` या प्रत घेण्याच्या आज्ञेला `/M` जोडल्यास खूण असलेल्या फायली घेऊन ती पुसली जाते; `/A` जोडल्यास ती तशीच राहते. पहिल्याने इन्क्रिमेंटल होते, दुसऱ्याने डिफरेन्शियल. यातली ठळक चूक म्हणजे आठवड्याच्या मध्ये कोणीतरी दुसऱ्या ड्राइव्हवर `/M` वापरून प्रत घेणे. खुणा पुसल्या जातात आणि त्यापुढच्या डिफरेन्शियलमध्ये आधीचे बदल येतच नाहीत. डिफरेन्शियलचा आकार आठवडाभर चढत जायला हवा किंवा निदान टिकायला हवा. तो अचानक घसरला, तर हेच झाले असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी लगेच पूर्ण बॅकअप घ्यावा.

लहान कार्यालयाचा हिशोब असा. माहिती 200 जीबी. रोज 4 जीबीची हिशोबाची एकच फाइल बदलते आणि शिवाय 2 जीबीच्या, दर दिवशी निराळ्या, जुन्या फायलींत दुरुस्त्या होतात. फाइलपातळीवरचा बॅकअप एका नोंदीसाठीही 4 जीबीची फाइल पूर्ण उचलतो. इन्क्रिमेंटल रोज 6 जीबी, पाच दिवसांत 30. डिफरेन्शियल 6, 8, 10, 12, 14, म्हणजे 50. रोज तीच फाइल बदलत असेल तर तिच्यापुरता दोन्ही पद्धतींचा खर्च सारखाच येतो. फरक पडतो तो निराळ्या फायलींमुळे. 200 जीबीच्या पूर्ण प्रतीपुढे 20 जीबीचा हा फरक किरकोळ आहे. जागा खातात त्या पूर्ण प्रती.

1 टीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये सुमारे 931 जीबी दिसतो. रोज पूर्ण बॅकअप घेतल्यास त्यावर चारच दिवस मावतात. दर शनिवारी पूर्ण बॅकअप घेऊन तीन आठवड्यांचे सर्व डिफरेन्शियल ठेवल्यास 750 जीबी होतात. चौथा पूर्ण बॅकअप नीट पुरा होईपर्यंत जुने काही पुसायचे नसते, म्हणून 950 लागतात, आणि तेवढी जागा नाही. इन्क्रिमेंटलने हेच 890 मध्ये बसते. पण माहिती परत आणताना पूर्ण प्रत आणि त्यापुढचा प्रत्येक इन्क्रिमेंटल क्रमाने लागतो. मंगळवारचा बिघडला, तर मंगळवारी बदललेली पण पुढे न बदललेली प्रत्येक फाइल जुन्याच रूपात परत येते.

डिफरेन्शियलमध्ये पूर्ण प्रत आणि हवा तो एकच डिफरेन्शियल पुरतो. त्यामुळे संपलेल्या आठवड्याचे सोमवार ते गुरुवारचे डिफरेन्शियल बिनधास्त पुसता येतात. आठवडा 214 जीबीवर येतो, तीन आठवडे 642, आणि नव्या पूर्ण प्रतीसह 842. किंमत इतकीच की जुन्या आठवड्यांतले मधले दिवस परत मिळत नाहीत. मर्यादित जागेच्या कार्यालयाला म्हणून साप्ताहिक पूर्ण व दैनिक डिफरेन्शियल हीच जोडी अधिक योग्य ठरते.

रोज मोठ्या आणि निराळ्या फायली तयार होत असतील, उदाहरणार्थ चित्रफितींचे काम, तर गणित बदलते. रोज 20 जीबी असे धरल्यास पाच दिवसांचे डिफरेन्शियल मिळून 300 जीबी होतात आणि इन्क्रिमेंटल 100. तेथे इन्क्रिमेंटल घ्यावे, मात्र साखळी एका आठवड्यापलीकडे लांबवू नये.