अडकलेले ग्लास सोडवणे

एकात एक रचलेले काचेचे ग्लास घट्ट बसले, की आतल्या ग्लासात गार पाणी भरून आणि बाहेरचा ग्लास कोमट पाण्यात उभा करून ते न फोडता वेगळे करण्याची ही घरगुती पद्धत आहे. गार झालेली काच किंचित आकसते, तापलेली किंचित फुगते, आणि दोन्ही ग्लासांमधली पकड सुटते.

बहुतेक ग्लास तोंडाशी रुंद आणि बुडाशी निमुळते असतात, म्हणून एकात दुसरा ठेवला की तो पाचरीसारखा बसतो. भिंतीचा उतार जितका कमी, तितकी पाचर घट्ट. त्यातही सर्वात वाईट अडकतात ते गरम पाण्याने धुऊन ओलेच रचलेले ग्लास. बाहेरचा ग्लास गरम असताना थोडा फुगलेला असतो, त्यात गार ग्लास नेहमीपेक्षा खोल उतरतो, आणि बाहेरचा निवताना त्याला आवळून धरतो. फटीतल्या पाण्यामुळे बुडाशी हवा कोंडली गेली असेल, तर तीही गार होताना आतल्या ग्लासाला खाली ओढते. चहाचे ग्लास नीट न विसळता रचले तर साखरेचा वाळलेला चिकटा वेगळाच.

काच किती फुगते, हे एका उदाहरणावरून कळेल. ग्लास एकमेकांना टेकतात तिथला व्यास ७० मिलिमीटर धरू. साधी काच तापमानाच्या दर अंशाला आपल्या लांबीच्या साधारण ९ दशलक्षांश इतकी वाढते. दोन्ही भिंतींच्या तापमानात २० अंशांचा फरक पडला, तर व्यासात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून थोडा जास्त फरक पडतो. डोक्याच्या केसाची जाडीसुद्धा याच्या काही पट असते. तरी एवढे पुरते, कारण पाचरीची पकड असते तीच इतक्या बारीक मापाची. म्हणून उकळते पाणी घेण्याची काही गरज नाही. या पद्धतीत ग्लास फुटतात ते बहुधा याच घाईने.

सुरुवातीला ग्लास उजेडात फिरवून पाहावेत. काठाला टवका किंवा भिंतीत केसासारखी रेघ दिसली, तर हा प्रयोग करू नये. ग्लास फ्रीजमधून काढलेले किंवा नुकते गरम पाण्यातून आलेले असतील, तर आधी ओट्यावर ठेवून घरातल्या हवेइतके होऊ द्यावेत. मग आतल्या ग्लासात माठातले गार पाणी काठोकाठ भरावे आणि मिनिटभराने दोन-तीन बर्फाचे खडे सोडावेत. दुसरीकडे पातेल्यात हात सुखाने बुडवून ठेवता येईल इतके, म्हणजे ४० ते ४५ अंशांचे पाणी घ्यावे. ग्लासांची जोडी त्यात अशी उभी करावी, की पाणी बाहेरच्या ग्लासाच्या काठाखाली बोटभर राहील. ते फटीत शिरले तर आतला ग्लासही तापतो आणि सगळे फुकट जाते. बूड मात्र पाण्यात हवेच, म्हणजे कोंडलेली हवा तापून वर ढकलायला मदत करते.

अर्ध्या मिनिटाने बाहेरचा ग्लास पातेल्यातच एका हाताने धरून आतला हळूच पिळावा आणि सरळ वर ओढावा. डावी-उजवीकडे हलवले, की सगळा जोर काठाच्या एकाच जागी येतो आणि तिथेच टवका उडतो. सुटताना बारीकसा ‘टक’ असा आवाज येतो किंवा फटीत पाण्याचे बुडबुडे सरकताना दिसतात. दोन-तीन मिनिटांत सुटले नाही, तर जोर करू नये. तोवर उष्णता काचेतून आत झिरपलेली असते. दोन्ही पाणी ओतून टाकावे, ग्लास पुन्हा घरातल्या हवेइतके होऊ द्यावेत, फटीत चार थेंब गोडेतेल सोडावे आणि काही तासांनी परत प्रयत्न करावा. सुरी किंवा चमचा फटीत घालणे म्हणजे हात कापून घेणे.

काच दाब सोसते, ताण सोसत नाही. तापलेल्या काचेवर गार पाणी पडले, की वरचा थर आकसायला बघतो, आतला त्याला अडवतो, आणि वरच्या थरावर ताण येतो. म्हणून गरम काच एकदम गार करणे हे गार काच गरम करण्यापेक्षा धोक्याचे. उलट क्रम, म्हणजे आत गरम आणि बाहेर गार, तर कधीच करू नये: आतला फुगतो, बाहेरचा आवळतो, आणि बाहेरचा ग्लास उभा तडकतो. बोरोसिलिकेट काच साध्या काचेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकीच फुगते, त्यामुळे ती तडकायला कठीण, पण याच कारणाने सोडवायलाही कठीण. तिथे तेल आणि सबुरी जास्त कामाची.

स्टीलच्या पेल्यांनाही हीच युक्ती चालते. स्टील काचेपेक्षा जास्त फुगते, पण त्यातून उष्णता झपाट्याने पलीकडे पोचते, त्यामुळे कोमट पाण्यात ठेवताच लगेच ओढावे लागते.