भिंगाच्या सूत्रातले उणे चिन्ह आले कुठून?

पातळ भिंगाची किरणाकृती आणि वस्तूचे अंतर u, प्रतिमेचे अंतर v व नाभीय अंतर f यांचा चिन्ह संकेत आज एकाच धड्यात शिकवतात, पण दोघांची वये वेगळी आहेत. आकृती जुनी आहे. वस्तूच्या प्रत्येक बिंदूतून किरणांचा एक शंकू निघतो आणि भिंग त्याला पुन्हा एका बिंदूत आणते, ही कल्पना सतराव्या शतकाच्या सुरुवातीची. ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार आहेत असे दाखवणाऱ्या जर्मन गणितज्ञाने १६११ मध्ये भिंगांवर पुस्तक काढले, तेव्हा अपवर्तनाचा नेमका नियम अजून छापून यायचा होता. लहान कोनांत काच किरणाला आपाती कोनाच्या साधारण एक तृतीयांश वळवते, एवढ्यावर त्याने काम भागवले. चिन्हे मात्र त्यात नव्हती. भिंगाचा आकार बदलला किंवा किरण एकत्र येणारे असण्याऐवजी फाकणारे झाले, की नियम नव्याने सांगावा लागे.

ही प्रकरणांची रांग १६९३ मध्ये मोडली. पुढे एका धूमकेतूमुळे घरोघर माहीत झालेल्या इंग्रज खगोलज्ञाने दाखवले की सगळ्या गोलीय भिंगांना बीजगणिताचे एकच समीकरण पुरते, फक्त उत्तर ऋण आले तर त्याचा अर्थ लावता आला पाहिजे. ऋण उत्तर म्हणजे किरण पलीकडे एकत्र येत नाहीत, अलीकडच्या एखाद्या बिंदूतून आल्यासारखे फाकतात. आभासी प्रतिमेला चिन्ह मिळाले ते असे. १८४० च्या सुमारास आणखी एका जर्मन गणितज्ञाने जाड भिंगांचे गणित बसवले. त्यात अंतरे दोन वेगवेगळ्या प्रतलांपासून मोजतात. भिंग पातळ असेल तर ती प्रतले जवळजवळ एकमेकांवर येतात आणि सगळी अंतरे एकाच बिंदूपासून, म्हणजे प्रकाशीय मध्यापासून, मोजता येतात. २० सेंमी नाभीय अंतराच्या आणि काही मिलिमीटर जाडीच्या भिंगाला हे चालते. काचेच्या गोळ्याला चालत नाही.

इथपर्यंत फारसा वाद नव्हता. वाद पुढचा आहे, आणि तो समजून घ्यायला एक आकृती काढलेली बरी. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर २० सेंमी, वस्तू डावीकडे ३० सेंमीवर. वस्तूच्या टोकापासून मुख्य अक्षाला समांतर निघालेला किरण भिंगातून गेल्यावर पलीकडच्या नाभीतून जातो. प्रकाशीय मध्यातून जाणारा किरण सरळ जातो, कारण तिथे भिंगाचे दोन्ही पृष्ठभाग जवळजवळ समांतर असतात. दोन्ही किरण अक्षाच्या खाली, भिंगापासून ६० सेंमीवर मिळतात. प्रतिमा वास्तव, उलटी, दुप्पट मोठी.

आता या आकृतीत समरूप त्रिकोणांच्या दोन जोड्या दिसतात. मध्यातून गेलेल्या किरणामुळे प्रतिमेची उंची आणि वस्तूची उंची यांचे गुणोत्तर ६०/३० येते. नाभीतून गेलेल्या किरणामुळे तेच गुणोत्तर (६० − २०)/२० येते. दोन्ही २. अंकांच्या जागी अक्षरे घालून सोडवले की

१/v + १/u = १/f

असे सूत्र मिळते. ते बेरजेचे आहे. यात कुठेही चिन्ह नाही, कारण आपण पट्टीने मोजलेली अंतरे घेतली. चिन्ह संकेत लागतो तो यानंतर.

पाठ्यपुस्तकातल्या कार्टेशियन संकेतात प्रकाशीय मध्य हा आरंभबिंदू, मुख्य अक्ष हा X-अक्ष, आणि प्रकाश डावीकडून उजवीकडे. उजवीकडचे अंतर धन, डावीकडचे ऋण. म्हणजे आपल्या आकृतीत u = −३०, v = +६०, f = +२०. पट्टीवरचे ३० आता −u आहे, म्हणून वरच्या सूत्रात u च्या जागी −u घातले की ते होते

१/v − १/u = १/f

शिकवणीच्या वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतेच, की सूत्रात उणे आधीच आहे, मग u ला पुन्हा उणे का? प्रश्न रास्त आहे आणि उत्तर बहुधा ‘संकेत आहे, पाळा’ असे मिळते. खरे उत्तर वरच्या दोन ओळींत आहे. सूत्रातले उणे हे संकेताप्रमाणे अक्षर बदलल्यामुळे आले. किंमत घालताना येणारे उणे त्याला रद्द करते आणि १/३० पुन्हा बेरजेत येते. एका विशिष्ट आकृतीवरून काढलेले सूत्र हे असे दोन टप्प्यांत सर्व आकृत्यांना लागू होते. तीच वस्तू १२ सेंमीवर आणली, तर १/v = १/२० − १/१२ = −१/३०, म्हणजे v = −३०. प्रतिमा वस्तूच्याच बाजूला, आभासी. ही आकृती आपण सूत्र काढताना पाहिलीही नव्हती.

मात्र कोणती दिशा धन, हे कोणी ठरवायचे? इंग्रजी शाळांतल्या जुन्या पुस्तकांत उत्तर नेमके उलटे होते. प्रकाश जिकडून येतो त्या दिशेने मोजलेले अंतर धन. यामागे सोय होती. समोर ठेवलेल्या वस्तूचे अंतर नेहमी धन येई, आणि अंतर्वक्र आरशाचे नाभीय अंतरही धन येई. पण भिंगापाशी गाडी अडकली. आपल्याच उदाहरणात u = +३०, आणि प्रकाशाला एकत्र आणणाऱ्या बहिर्वक्र भिंगाचे f = −२०. गणित चुकत नाही, v = −६० येते आणि वजाचा अर्थ ‘पलीकडे’ असा घ्यायचा.

अडचण चष्म्याच्या दुकानात झाली. १८७२ मध्ये एका फ्रेंच नेत्रवैद्याने भिंगाची शक्ती मीटरमधल्या नाभीय अंतराच्या व्यस्तात मोजण्याचे एकक सुचवले, तेच डायॉप्टर. चष्मेवाल्यांच्या व्यवहारात प्रकाश एकत्र आणणारे भिंग अधिक आणि फाकवणारे उणे असेच रुळले. चाळिशीनंतर लागणारा +२ चा नंबर म्हणजे ५० सेंमी नाभीय अंतराचे बहिर्वक्र भिंग. आता त्याच भिंगाला शाळेचे पुस्तक −५० म्हणते आणि दुकानदार प्लस म्हणतो. एका वस्तूला दोन चिन्हे, आणि दोघेही आपापल्या संकेताला धरून.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत या गोंधळावर इंग्लंडमध्ये शिक्षकांत आणि भिंग बनवणाऱ्यांत बरीच चर्चा झाली. १९३४ मध्ये तिथल्या भौतिकशास्त्रज्ञांच्या एका संस्थेच्या समितीने प्रकाशशास्त्राच्या अध्यापनावर अहवाल काढला. त्यानंतरच्या पुस्तकांत दोन पद्धती ठळकपणे दिसतात आणि दोन्हींत बहिर्वक्र भिंग धन आहे. एक म्हणजे ‘वास्तव ते धन’: वास्तव वस्तू आणि वास्तव प्रतिमा यांची अंतरे धन, आभासींची ऋण, सूत्र बेरजेचे. दुसरी नवी कार्टेशियन, म्हणजे प्रकाशाच्या दिशेने मोजलेले अंतर धन. ‘नवी’ हे विशेषण जुन्या उलट्या दिशेपासून वेगळे दाखवण्यासाठी होते. ती जुनी दिशा वर्गातून गेली तरी हा शब्द अजून टिकून आहे.

‘वास्तव ते धन’ पद्धत ब्रिटिश शाळांत बरीच चालली आणि अमेरिकी महाविद्यालयीन पुस्तकांत आजही तिच्याशी जुळणारे बेरजेचे सूत्रच दिसते. पहिल्या उदाहरणात तिचे सुख कळते: १/३० + १/v = १/२०, v = ६०, एकही उणे नाही. पण ती विद्यार्थ्याकडून एक गोष्ट आधीच मागते. अंतराला चिन्ह देण्यापूर्वी वस्तू वा प्रतिमा वास्तव आहे की आभासी, हे ओळखावे लागते. एका भिंगात हे सोपे जाते. दोन भिंगांत पहिल्याची प्रतिमा तयार होण्याआधीच दुसरे भिंग वाटेत आले, तर ‘आभासी वस्तू’ नावाचे प्रकरण निघते आणि मुले अडतात. आपल्या भिंगापासून ४५ सेंमीवर ३० सेंमी नाभीय अंतराचे अंतर्वक्र भिंग ठेवा. पहिली प्रतिमा ६० वर होणार होती, म्हणजे दुसऱ्या भिंगाच्या उजवीकडे १५ वर. कार्टेशियन पद्धतीत ती उजवीकडे आहे म्हणून u = +१५, बाकी काही ठरवायचे नाही. f = −३०, १/v = −१/३० + १/१५, v = +३०. विशालनही तसेच. पहिल्या भिंगासाठी v/u = ६०/(−३०) = −२, म्हणजे उलटी आणि दुप्पट, चिन्ह आपोआप येते. बेरजेच्या पद्धतीत तिथे एक उणे हाताने लावावे लागते. माझे झुकते माप कुठे आहे ते यावरून दिसेलच.

भारतात राष्ट्रीय स्तरावरच्या अभ्यासक्रमाने नवी कार्टेशियन पद्धत घेतली. महाराष्ट्रात २०१८ पासून लागू झालेल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातही ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ या पाठात तोच संकेत आहे. पण घरातल्या मोठ्या भावंडांची वा पालकांची पुस्तके, परदेशी संदर्भग्रंथ आणि इंटरनेटवरची उदाहरणे वेगवेगळ्या पद्धतींची असतात, आणि चुका होतात त्या इथेच. संकेत एका पुस्तकाचा आणि सूत्र दुसऱ्याचे घेतले की काय होते? बेरजेच्या सूत्रात u = −३० घातले तर १/v = १/२० + १/३०, v = १२. कार्टेशियन सूत्रात u = +३० घातले तरी तेच १२. दोन वेगळ्या चुकांचे उत्तर एकच येत असल्यामुळे शेजारच्याशी ताडून पाहिले तरी चूक पकडली जात नाही.

आकृती ती पकडते. डावीकडच्या वास्तव वस्तूची प्रतिमा बहिर्वक्र भिंगाच्या उजवीकडे पडली, तर ती नाभीच्या पलीकडेच असते. समांतर किरणच नाभीत मिळतात, तर फाकत येणारे किरण त्याच्या अलीकडे मिळणार कसे? म्हणून उजवीकडे १२ सेंमीवरची प्रतिमा अशक्य. आणखी एक तपासणी आहे. अशा वेळी वस्तू आणि वास्तव प्रतिमा यांच्यात किमान चार नाभीय अंतरे लागतात, इथे ८०. बरोबर उत्तरात ३० + ६० = ९० भरतात, चुकीच्या उत्तरात ३० + १२ = ४२. दुसरी नेहमीची चूक म्हणजे शोधायच्या राशीलाही आधीच चिन्ह देणे: प्रतिमा आभासी येणार असे वाटले की v च्या जागी −v लिहायचे आणि मग उत्तरातले चिन्ह दुसऱ्यांदा बदलायचे. चिन्ह फक्त दिलेल्या किमतींना द्यायचे, अज्ञात राशी आपले चिन्ह घेऊनच बाहेर पडते.

कार्टेशियन पद्धतीची एक अडचण मात्र झाकता येत नाही, आणि ती आरशांची आहे. आरशात प्रकाश मागे वळतो, त्यामुळे वास्तव प्रतिमा डावीकडे पडते आणि तिचे v ऋण येते. अंतर्वक्र आरसा प्रकाश एकत्र आणतो, पण त्याचे f ऋण. अंतर्वक्र भिंग प्रकाश फाकवते, त्याचेही f ऋण. ‘अंतर्वक्र म्हणजे उणे’ एवढे पाठ केलेल्या मुलाचे चिन्ह दोन्हीकडे बरोबर येते. ऋण f म्हणजे फाकवणे हा भिंगांवरून घेतलेला अर्थ त्याने आरशाला लावला, की ज्या आरशाने ऊन कागदावर एका ठिपक्यात आणता येते, त्यालाच तो अपसारी म्हणतो.