गाव म्हातारं कशानं होतं?

आमच्या बेळगाव-खानापूर भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दोन मजकूर आलटून पालटून फिरतात. एक म्हणतो, पूर्वीची माणसं नाचणीची भाकरी खाऊन शंभर वर्षं जगायची. दुसरा म्हणतो, औषधांमुळे माणसं मरेनाशी झाली, म्हणून गावोगाव म्हातारेच दिसतात. दोन्ही पुढं पाठवणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो.

पहिल्याचा निकाल लवकर लागतो. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातलं जन्माच्या वेळचं सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षं होतं. बाळं आणि बाळंतिणी मोठ्या संख्येनं मरत, त्यामुळे सरासरी खाली यायची. त्यातून वाचलेले काटक आजोबाच तेवढे आपल्या आठवणीत राहिले.

दुसरा मजकूर खरा वाटतो, पण त्याचं गणित उलटं आहे. पाटीवर करून बघू. आजी-आजोबांच्या दोन जोड्या घ्या, म्हणजे ४ माणसं. प्रत्येक जोडीला सहा मुलं झाली, त्यातली तीनच जगली. मधल्या पिढीत ६ माणसं झाली, म्हणजे तीन जोड्या. त्यांचीही तीन-तीन मुलं जगली, तर नातवंडं ९. एकूण १९ माणसांत ४ म्हातारी, म्हणजे २१ टक्के. आता देवीची लस आली, मलेरियावर फवारणी झाली, आणि सहातली पाच मुलं जगू लागली. मधली पिढी १० आणि नातवंडं २५. एकूण ३९ माणसांत म्हातारी तीच ४, म्हणजे १० टक्के. मृत्यू कमी झाले आणि गाव तरुण झालं! कारण वाचलेले जीव बाळांचे होते, आणि पुढं त्यांनाही मुलं झाली. आता तिसरा प्रसंग घ्या. प्रत्येक जोडीला दोनच मुलं, दोन्ही जगलेली. मग पिढ्या ४, ४ आणि ४. म्हातारी तेवढीच, पण वाटा एकदम ३३ टक्के.

प्रिन्स्टनच्या अ‍ॅन्सली कोल या लोकसंख्याशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात हे रीतसर गणितानं मांडलं. लोकसंख्येचं वय मुख्यतः पाळण्यात ठरतं, स्मशानात नाही. आपल्या जनगणनेतही ते दिसतं. १९५१ नंतर मृत्युदर झपाट्यानं घसरला, तरी १५ वर्षांखालच्या मुलांचा वाटा वाढतच गेला आणि १९७१ ला सुमारे ४२ टक्क्यांवर पोचला. जननदर घटल्यावरच तो उतरला. कर्नाटकात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जननदर बाईमागे १.७ मुलं होता, म्हणजे वरच्या तिसऱ्या प्रसंगाच्याही खाली. साठीनंतरचं आयुष्य वाढल्याचा परिणाम पुढच्या टप्प्यात मोठा होतो, जपानमध्ये झाला तसा. आपण अजून पाळण्याच्या टप्प्यात आहोत.

आता अवलंबित्वाचं गुणोत्तर. १५ ते ५९ वयाच्या दर शंभर माणसांमागे साठीपुढचे किती, हा तो आकडा. २०११ मध्ये भारताचा तो १४.२ होता. मुलंही कमी झाल्यानं मुलं आणि म्हातारी मिळून होणारा बोजा उतरला, आणि सभांमधून ‘तरुण देश’ची भाषणं सुरू झाली. तरुण आहेत खरे, पण कुठं आहेत?

खानापूर तालुक्याच्या जंगलपट्टीतलं एक काल्पनिक गाव घेऊ. कागदावर १००० माणसं : मुलं २५०, कामाच्या वयाची ६३०, साठीपुढची १२०. गुणोत्तर १९. आता गोवा, पुणे, मुंबई आणि बेळगावच्या फौंड्र्यांकडे गेलेले १८० जण वजा करा, आणि त्यांच्याबरोबर गेलेली ६० मुलंही. गावात खरोखर राहणारी ७६०, त्यात कामाच्या वयाची ४५० आणि म्हातारी १२०. गुणोत्तर २७ झालं. कुणी म्हातारं झालं नाही, फक्त एसटी भरून गेली.

या गुणोत्तराला आणखी एक खोड आहे. ते साठीच्या बाईला अवलंबून धरतं आणि पंचविशीच्या बेकार पदवीधराला आधार धरतं. जांबोटीकडे पासष्टीची बाई भातलावणीला उभी असते. निपाणीकडे त्याच वयाची बाई विड्या वळत बसते. पैशाच्या बाबतीत तिला आधार कमीच लागतो, मुलगा फोनवरून पैसेही पाठवतो. दवाखान्यात घेऊन जायला मात्र घरात कुणी नसतं. हे गुणोत्तरात कुठं मोजायचं?

आणि इथंच नियोजन फसतं. आरोग्य उपकेंद्राचा सरकारी निकष माणसांच्या संख्येवर आहे : सपाटीवर ५००० मागे एक, डोंगराळ भागात ३००० मागे एक. तरुण निघून गेले की डोकी कमी होतात आणि निकषानं गावाचा हक्कही कमी होतो. ज्यांना दवाखाना जास्त लागतो ते मात्र सगळे गावातच असतात. निकष डोक्यांऐवजी भेटींवर लावला तर काय दिसतं, ते बघा.

५००० वस्तीत १२ टक्के साठीपुढचे धरले तर ६०० जण. वृद्धांच्या देशव्यापी ‘लासी’ पाहणीत (२०१७-१८) साठीपुढच्या ३२ टक्क्यांना उच्च रक्तदाब आणि १४ टक्क्यांना मधुमेह असल्याचं निदान आधीच झालेलं होतं. म्हणजे इथं बीपीचे १९० आणि शुगरचे ८५ च्या आसपास. दोन्ही असणारे एकदाच मोजले तर २२० धरू. महिन्याची गोळी महिन्यातून एकदा दिली तर २५ कामाच्या दिवसांत रोज ९ जण येतील. प्रत्येकाला पाच मिनिटं धरली तर पाऊण तास. याला मोठं हॉस्पिटल लागत नाही, एक नर्स आणि नीट चालणारं बीपीचं मशीन लागतं.

पण साठा अपुरा आला आणि दहा दिवसांच्याच गोळ्या दिल्या, तर रोजची रांग २६ वर जाते. प्रत्येक खेपेला रोजगार बुडतो, बसभाडं जातं. दोन खेपा झाल्या की तिसऱ्या वेळी म्हातारा येत नाही. उलट, सगळ्यांचे आजार ताब्यात आहेत असं धरून तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या तर रोज तिघंच येतील, आणि उरलेल्या वेळात नर्स अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ शकेल. माणसं तीच, आजार तेच, फक्त गोळ्यांचं पाकीट मोठं झालं. रांग रिकामी सोडली की तिथं बाजारचा ‘शुगर मुळापासून बरी’ करणारा चूर्णवाला उभा राहतो. त्याचं गिऱ्हाईक गोळी बंद करतं आणि काही महिन्यांनी पायाची जखम घेऊन बेळगावला पोचतं.

योजनांचा ओढा मात्र वेगळीकडे आहे. केंद्रानं २०२४ मध्ये सत्तरीपुढच्यांना वर्षाला पाच लाखांचं आरोग्य विमा संरक्षण जाहीर केलं. त्याआधी २०२३ मध्ये महाराष्ट्रानं महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करण्याचं ठरवलं, त्यावरून दोन्हीकडे राजकारणही झालं. पण दोन्ही योजनांचा भर दाखल झालेल्या रुग्णावर आहे. झटका येऊन खाट मिळाली की पैसे मिळतात. झटका टाळणारी रोजची गोळी त्यांच्या हिशेबात जवळपास नसते.

मग एखादं उपकेंद्र नीट चाललंय हे कसं ओळखायचं? वहीत किती नावं चढली, यावरून नाही. ती वही फुगतच जाते, मेलेल्यांची नावंही तिच्यात राहतात. २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रमानं वेगळा आकडा धरला : नोंदलेल्यांपैकी किती जणांचं गेल्या तीन महिन्यांतलं शेवटचं मोजमाप १४०/९० च्या खाली आहे. जो आलाच नाही तो आपोआप नापासात जातो. हा आकडा गाववार काढला की फिरत्या भेटी कुठं हव्यात ते दिसतं. घाटमाथ्यावरच्या वस्त्यांसाठी तो मे महिन्यातच काढायला हवा. जूननंतर कणकुंबीकडचा पाऊस सुरू झाला की बस कधी बंद पडेल याचा नेम नसतो, आणि तीन महिन्यांची पाकिटं त्याआधी घरात पोचलेली असावी लागतात.