डोळ्यात अजून खुपतंय: कचरा आहे की ओरखडा?

डोळा धुतला, कण निघाला, तरी खुपायचं थांबत नाही. मग माणूस म्हणतो, 'अजून आहे काहीतरी', आणि पुन्हा चोळायला लागतो. मला सगळ्यात जास्त काळजी याच क्षणाची वाटते. कारण आत अडकलेला कचरा आणि कचऱ्याने मागे ठेवलेला ओरखडा, दोन्ही जवळजवळ सारखेच खुपतात. दोघांवरचा उपाय मात्र वेगळा आहे.

बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. मध्यभागी तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो, आणि त्याच्या वरच्या नाजूक थरात मज्जातंतूंची टोकं दाटीने असतात. त्यामुळे तिथली सालपटाएवढी जखमसुद्धा वाळूच्या खड्यासारखी टोचते. पापणी त्यावरून सरकली की कळ येते, म्हणून आपल्याला वाटतं की वरच्या पापणीखाली काहीतरी आहे.

माझ्या बहिणीचं असंच झालं. संध्याकाळी वाऱ्याबरोबर उजव्या डोळ्यात धूळ गेली. तिने मुठीने चांगलं चोळलं, मग पाण्याने धुतलं. एक काळा कण ओंजळीत आलेला तिने स्वतः पाहिला. तरी खुपत होतं, म्हणून रात्रीपर्यंत चार वेळा धुणं, चोळणं, रुमालाचं टोक फिरवणं चालूच राहिलं. सकाळी डोळा उघडवेना, उजेड सहन होईना. डॉक्टरांनी वरची पापणी उलटून पाहिली, आत काहीच नव्हतं. मग नारिंगी रंगाची पट्टी डोळ्याला लावून निळा प्रकाश टाकला, तेव्हा कॉर्नियावर हिरवी चमकणारी रेघ दिसली. कण आदल्या संध्याकाळीच गेला होता. तो डोळ्यात असताना चोळलं, म्हणून ओरखडा पडला, आणि नंतरच्या चोळण्याने तो भरून यायच्या ऐवजी वाढला.

उलटंही होतं. वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला, कडेपासून साधारण दोन मिलिमीटरवर एक बारीक खाच असते. कण नेमका तिथे जाऊन बसतो. मग प्रत्येक उघडझाप म्हणजे त्या कणाची कॉर्नियावर एक उभी रेघ. अशा डोळ्याला डॉक्टरांनी रंग लावला की वरच्या भागात एकाशेजारी एक उभे ओरखडे दिसतात, आणि त्यावरूनच पापणी उलटून बघायचं सुचतं.

पापणीचा केस त्या मानाने सौम्य. तो मऊ असतो, बहुतेकदा अश्रूंबरोबर नाकाकडच्या कोपऱ्यात येतो. पांढऱ्या भागावर किंवा खालच्या पापणीच्या आत स्पष्ट दिसत असेल, तर स्वच्छ ओल्या कापडाच्या टोकाने अलगद टिपता येतो. काळ्या भागावर असेल तर हात लावू नका, पाण्यानेच जाऊ द्या. खड्याला मात्र धार असते, आणि बोटाने दाबलं की ती धार कॉर्नियावरून ओढली जाते.

धुताना आधी साबणाने हात धुवा, लेन्स असेल तर काढा. उकळून कोमट केलेलं पाणी किंवा सलाइन घ्या. ज्या डोळ्यात गेलंय त्या बाजूला मान कलती करा, बोटांनी पापण्या उघड्या धरा आणि नाकाकडून कानाकडे हलकी धार सोडा, म्हणजे घाण दुसऱ्या डोळ्यात जात नाही. मध्ये मध्ये डोळ्यांची उघडझाप करा. वरच्या पापणीखाली अडकल्यासारखं वाटलं, तर तिचे केस धरून ती खालच्या पापणीवर ओढून सोडा. खालचे केस झाडणीचं काम करतात.

एवढं नीट केल्यावर डोळा मिटून शांत बसा. लहान ओरखडा असेल तर तासातासाने थोडं थोडं कमी होत जातं, आणि बहुतेक एक-दोन दिवसांत भरून येतं. कचरा अडकलेला असेल तर प्रत्येक उघडझापीला त्याच जागी तशीच टोच येत राहते. पण नुसत्या जाणिवेवरून खात्री होत नाही, हेही खरं. म्हणून दिवसभरात फरक पडला नाही, अंधुक दिसू लागलं, उजेड खुपू लागला, किंवा लेन्स वापरणाऱ्याला किंवा झाडाच्या फांदीने लागलेल्याला त्रास झाला, तर डॉक्टरांकडेच जा. शेवटच्या दोघांत जंतुसंसर्गाची भीती जास्त असते. दुखणं थांबवणारे बधिर करणारे थेंब घरी घालू नका, त्याने जखम भरणंच लांबतं.

चुना किंवा एखादं रसायन गेलं असेल तर वाट पाहू नका. निदान 15 ते 20 मिनिटं सतत धुवा आणि मग थेट दवाखाना गाठा. हातोडा किंवा ग्राइंडर चालवताना लोखंडाचा कण वेगाने शिरला असेल, तर धुऊही नका, दाबूही नका. डोळ्याला न टेकणारं एखादं कागदी कपासारखं आवरण वर ठेवा आणि लगेच निघा.