आकडा, घड्याळ आणि सोन्याचा भाव : एक पार्श्वभूमी

शुक्रवार, ७ जून २०२४. भारतीय वेळेनुसार संध्याकाळचे सहा वाजले आणि अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी कार्यालयाने मे महिन्याचा रोजगार अहवाल प्रसिद्ध केला. शेती सोडून इतर क्षेत्रांत सुमारे १ लाख ८५ हजार नव्या नोकऱ्यांची भर पडली असेल, असा अर्थतज्ज्ञांचा अंदाज होता; प्रत्यक्ष आकडा २ लाख ७२ हजारांचा निघाला. काही सेकंदांतच सोने घसरू लागले आणि तो दिवस संपला तेव्हा औंसाचा भाव आदल्या दिवसापेक्षा सुमारे साडेतीन टक्क्यांनी खाली, २,३०० डॉलरच्याही आत आला होता. आपल्याकडे सराफांचे दिवसाचे भाव केव्हाच ठरलेले होते, पण एमसीएक्स या भारतीय वायदे बाजारात सौदे रात्रीपर्यंत चालतात, त्यामुळे हा धक्का इथे लगेच पोहोचला. त्या वेळच्या विनिमय दराने औंसामागे १० डॉलरचा फरक म्हणजे १० ग्रॅममागे साधारण २७० रुपये, आणि तेव्हाचे १५ टक्के आयात शुल्क धरले तर तीनशेहून अधिक.

अमेरिकेत महिनाभरात किती जणांना नोकरी लागली, याच्याशी सोन्याचा थेट संबंध काहीच नाही. हा संबंध गेल्या पन्नास वर्षांत टप्प्याटप्प्याने तयार झाला आहे.

१९३४ पासून अमेरिकी सरकारने सोन्याचा अधिकृत भाव औंसाला ३५ डॉलर असा बांधून ठेवला होता. हेच कार्यालय तेव्हाही नोकऱ्यांचे आणि किमतींचे आकडे काढत असे, पण बांधलेल्या अधिकृत भावावर त्यांचा परिणाम होण्याचे कारण नव्हते. १५ ऑगस्ट १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी परदेशी सरकारांना डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले आणि हा बांध फुटला. सामान्य अमेरिकी नागरिकाला सोने बाळगण्याची मुभा मात्र १९७४ च्या अखेरीस मिळाली. त्याच दिवशी, म्हणजे ३१ डिसेंबरला, न्यूयॉर्कच्या कॉमेक्स बाजारात सोन्याचे वायदे सुरू झाले. अशा रीतीने हलू शकणारा भाव आणि तो हलवणारा बाजार, दोन्ही अस्तित्वात आले.

पुढची कडी कायद्याची आहे. १९७७ मध्ये अमेरिकी संसदेने फेडरल रिझर्व्ह, म्हणजे फेड, या तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या कायद्यात दुरुस्ती करून कमाल रोजगार आणि स्थिर किमती ही उद्दिष्टे तिच्यावर सोपवली. या दोन उद्दिष्टांची मोजमापे म्हणजेच महिन्याचे हे दोन अहवाल, एक नोकऱ्यांचा आणि दुसरा ग्राहक किंमत निर्देशांकाचा. सोन्यावर व्याज मिळत नाही, त्यामुळे महागाई वजा जाता डॉलरच्या रोख्यांवर किती परतावा पदरात पडेल, हे ते बाळगणाऱ्याला सतत पाहावे लागते. नोकऱ्या अंदाजापेक्षा जास्त निघाल्या की फेड व्याजदर इतक्यात उतरवणार नाही असे बाजार धरतो, रोख्यांचा परतावा चढतो, डॉलर वधारतो आणि सोने नरमते. इथे एका गोष्टीत पुष्कळांची गल्लत होते. महागाई वाढली की सोने वाढते, ही आपल्याकडची जुनी समजूत वर्षांच्या हिशेबात बऱ्याच अंशी खरी असली, तरी आकडा आल्यानंतरच्या पाच मिनिटांत बहुधा उलटेच घडते, कारण त्या पाच मिनिटांत बाजार महागाईकडे पाहत नसतो, महागाईला फेड काय उत्तर देईल याकडे पाहत असतो.

हे सगळे मान्य केले तरी मिनिटांचा प्रश्न उरतो. हीच माहिती महिनाभर थोडी थोडी झिरपत आली असती, तर भावही तसाच हळूहळू सरकला असता. तो एका क्षणात उडी मारतो, कारण माहिती नियमाने दाबून ठेवून एका ठरलेल्या क्षणी सर्वांपुढे एकदम मोकळी केली जाते. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे.

त्याची मुळे राजकारणात आहेत. कामगार सांख्यिकी कार्यालयाचे अधिकारी दर महिन्याला पत्रकारांना बेरोजगारीच्या आकड्यांचा अर्थ समजावून सांगत. ती कोरडी, तटस्थ भाषा निक्सन यांच्या प्रशासनाला रुचली नाही आणि मार्च १९७१ मध्ये त्या पत्रकार परिषदा बंद करण्यात आल्या. त्यावर संसदेच्या संयुक्त आर्थिक समितीने त्याच अधिकाऱ्यांना दर महिन्याला सुनावणीसाठी बोलवायला सुरुवात केली. पुढे आकडे केव्हा आणि कसे द्यायचे याचे सरकारी नियम झाले. १९८५ च्या सुधारित नियमानुसार तारखा आधीच जाहीर करायच्या आणि आकडा प्रसिद्ध झाल्यावर एक तास उलटेपर्यंत सरकारातील कोणीही त्यावर जाहीर भाष्य करायचे नाही, असे ठरले. उद्देश सत्ताधाऱ्यांना आकड्यावर रंग चढवता येऊ नये एवढाच होता, पण बाजाराला त्यातून एक निश्चित मुहूर्त मिळाला : न्यूयॉर्कची सकाळची साडेआठची वेळ. कॉमेक्सच्या सभागृहात सोन्याचे सौदे ८ वाजून २० मिनिटांनी सुरू होत, म्हणजे दलाल आपापल्या जागी उभे राहत आणि दहा मिनिटांत आकडा येई. आपल्याकडे ही वेळ अमेरिकी उन्हाळ्यात संध्याकाळी सहाची, तर हिवाळ्यात सातची असते.

बातमी फुटू नये म्हणून पत्रकारांना आकडा अर्धा तास आधी एका बंद खोलीत देत आणि ठोक्याला साडेआठ वाजता बाहेरची जोडणी सुरू करत. तरीही चूक झालीच. ५ नोव्हेंबर १९९८ रोजी कार्यालयाच्याच संकेतस्थळावर दुसऱ्या दिवशीचा रोजगार आकडा चुकून आधी झळकला आणि मग तो अहवाल घाईने त्याच दिवशी प्रसिद्ध करावा लागला. १ जून २०१८ रोजी आकडा येण्याच्या सुमारे तासभर आधी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ‘आकड्यांची वाट पाहतो आहे’ अशा अर्थाचे ट्वीट केले. त्यात आकडा नव्हता, पण त्यांना तो आदल्या दिवशी कळलेला असतो हे बाजाराला ठाऊक असल्याने परतावा आणि डॉलर लगेच वर गेले. बंद खोलीची प्रथा २०२० मध्ये संपली. वृत्तसंस्थांचे पैसे मोजणारे ग्राहक त्या व्यवस्थेमुळे इतरांपेक्षा क्षणभर पुढे राहतात, असा आक्षेप होता. आता आकडा थेट संकेतस्थळावर येतो आणि तो वाचण्याची शर्यत यंत्रांमध्ये लागते.

यंत्रे येण्याआधीही भाव मिनिटांतच हलत असे. यंत्रांनी ते काम सेकंदाच्या अंशावर आणले. पण वेग हा त्यातला अर्धाच भाग आहे. सहाला एक-दोन मिनिटे असताना वायद्याच्या पडद्यावर काय दिसते ते पाहावे. दोन्ही बाजूंनी भाव लावून बसलेले मोठे व्यापारी आपापल्या ऑर्डरी काढून घेतात, कारण चुकीच्या बाजूला सापडायची कोणाचीच इच्छा नसते. खरेदी आणि विक्रीच्या भावातले अंतर रुंदावते, आणि एरवी शंभर लॉट सहज पचवणारा बाजार तेवढ्या वेळापुरता पोकळ होतो. अशा पोकळीत मध्यम आकाराची विक्रीही भावाला बराच खाली ओढते. म्हणूनच स्टॉप लॉस, म्हणजे भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप विकण्याची सूचना, लावूनही सौदा त्या भावाला न सुटता बऱ्याच खाली सुटल्याचा अनुभव अनेकांना येतो. लावलेल्या भावाला घेणारा त्या क्षणी कोणीच नसतो.

पहिली उडी ठळक आकड्यावर असते. त्यानंतर माणसे आतले तक्ते उघडतात, आणि ७ जूनच्या अहवालात तर दोन पाने एकमेकांना छेद देत होती. नोकऱ्यांची संख्या सुमारे १ लाख २० हजार कंपन्या आणि सरकारी संस्थांकडून घेतली जाते, तर बेरोजगारीचा दर सुमारे ६० हजार कुटुंबांच्या वेगळ्या पाहणीतून काढला जातो. पहिलीने २ लाख ७२ हजारांची वाढ दाखवली. दुसरीनुसार कामावर असलेल्यांची संख्या ४ लाख ८ हजारांनी घटली होती आणि बेरोजगारी ४ टक्क्यांवर पोहोचली होती. त्या दिवशी बाजाराने पहिलीवर विश्वास ठेवला, आणि त्यात वर्षाला ४.१ टक्क्यांच्या वेतनवाढीने भर घातली. दोन वर्षांच्या सरकारी रोख्यांचा परतावा सुमारे ०.१५ टक्क्याने वर गेला.

हा परतावा पाहिल्याशिवाय सोन्याच्या हालचालीचे श्रेय आकड्याला देऊ नये. सोने पडले, परतावा चढला आणि डॉलर वधारला, तर कारण व्याजदराचे. परतावा जागेवर असताना सोने पडले, तर कारण दुसरीकडे शोधावे. ७ जूनला दोन्ही कारणे होती. त्याच दिवशी आधी चीनच्या मध्यवर्ती बँकेचे आकडे आले होते आणि सलग १८ महिने सोने घेणाऱ्या या बँकेने मे महिन्यात काहीच घेतले नसल्याचे दिसले होते. म्हणजे अमेरिकी आकडा येण्याआधीच सोने टक्काभर खाली होते. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांनी मात्र सगळी घसरण बहुतेक नोकऱ्यांच्याच खात्यावर टाकली.

महागाईच्या अहवालाचे उदाहरण १० नोव्हेंबर २०२२ चे घ्यावे. वार्षिक महागाई ७.९ टक्के अपेक्षित होती, ती ७.७ टक्के निघाली. फरक दोन दशांशांचा, पण फेडचा कडकपणा आता ओसरेल असा त्याचा अर्थ लावला गेला, परतावा कोसळला आणि सोने त्या दिवशी जवळपास तीन टक्क्यांनी वाढले. भारतीय खरेदीदाराला मात्र हे पूर्ण दिसले नाही. आकडा संध्याकाळी सातला आला तेव्हा रुपया-डॉलरचा बाजार बंद झालेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उघडला आणि डॉलर पडल्यामुळे रुपया एकाच दिवसात सुमारे एक रुपयाने वधारून ८१.८० वरून ८०.८० च्या आसपास आला. डॉलरमधल्या वाढीचा सुमारे चाळीस टक्के हिस्सा तिथेच गळून गेला. रात्री वायद्याचा भाव पाहून सकाळी दुकानात तेवढीच वाढ अपेक्षित धरणारा गिऱ्हाईक इथेच फसतो.

राहिली गोष्ट त्या २ लाख ७२ हजारांची. महिन्याच्या नोकऱ्यांच्या बदलात सव्वा लाखाच्या वर चूक इकडे किंवा तिकडे असू शकते, हे कार्यालय स्वतःच सांगते. पुढच्याच महिन्यात, ५ जुलैला, मे महिन्याचा आकडा सुधारून २ लाख १८ हजारांवर आणण्यात आला. ऑगस्टमध्ये मार्च २०२४ पर्यंतच्या वर्षभराच्या मोजणीत नोकऱ्या प्राथमिक हिशेबाने ८ लाख १८ हजारांनी जास्त धरल्या गेल्याचे जाहीर झाले. तो आकडा ठरलेल्या वेळेपेक्षा अर्ध्या तासाहून अधिक उशिरा आला, आणि त्या गडबडीत काही बँकांनी कार्यालयाला फोन करून तो आधी मिळवला. तोवर ७ जूनची घसरण केव्हाच भरून निघाली होती आणि सोने औंसाला २,५०० डॉलरच्या वर होते.