अनिसाकिस (माशांतील अळी आणि माणसाला होणारी बाधा)

अनिसाकिस हा समुद्री प्राण्यांत राहणारा परजीवी गोलकृमी आहे. त्याचे खरे घर म्हणजे देवमासा आणि डॉल्फिन यांचे जठर. पूर्ण वाढलेले कृमी तिथे घोळक्याने राहतात आणि जठराच्या अस्तरात डोके खुपसून जगतात. त्यांची अंडी विष्ठेतून समुद्रात पडतात. अंड्यातच अळी तयार होते, बाहेर पडून पाण्यात तरंगते आणि क्रिल किंवा तत्सम बारीक कवचधारी प्राणी तिला गिळतात. क्रिलला हेरिंग, मॅकरेल, कॉड किंवा माकुल खातो. तिथे ती अळी आतड्याची भिंत ओलांडते आणि यकृतावर, आतड्याभोवतीच्या पडद्यांवर किंवा मांसात वेटोळे घालून थांबते. त्या माशाला मोठ्या माशाने खाल्ले, तर ती त्याच्या अंगात जाऊन पुन्हा तशीच थांबते. देवमाशाने गिळल्यावरच तिची पुढची वाढ होते.

माशाच्या पोटात दिसणारे वेटोळे साधारण चार-पाच मिलिमीटरचे, घड्याळातल्या चपट्या स्प्रिंगसारखे आणि दुधी पांढरे असते. उलगडले की दोन ते तीन सेंटिमीटरचा जाडसर दोरा होतो. अळीच्या तोंडाशी ऊती भोकसण्यासाठी एक सूक्ष्म दात असतो.

देवमासा उष्ण रक्ताचा प्राणी आहे. थंड माशातून अळी एकदम सदतीस अंशांच्या आसपासच्या उबेत आणि आम्लात आली, की तिच्या लेखी ती मुक्कामाला पोचलेली असते. माणसाचे जठरही तितकेच उबदार आणि आम्लयुक्त आहे. ती चळवळू लागते आणि अस्तरात डोके खुपसते. मात्र इथे ती प्रौढ होऊ शकत नाही, अंडी घालू शकत नाही आणि थोड्या दिवसांत मरते. म्हणून माणसाला या कृमीचा अपघाती पोशिंदा म्हणतात. एका माणसाकडून दुसऱ्याला हा आजार होत नाही.

हा आजार वैद्यकाला नीट कळला तो नेदरलँड्समध्ये, आणि ती हकिगत मुळातून समजून घेण्यासारखी आहे. तिथे हलके मीठ लावलेली कोवळी हेरिंग न शिजवता खाण्याची जुनी आवड आहे. शेपटीला धरून, मान मागे टाकून ती खातात. १९५०च्या दशकात तिथल्या काही रुग्णालयांत पोटात भयंकर कळा येणारे रुग्ण येऊ लागले. आतडे अडले असावे असे समजून शस्त्रक्रिया होई. काढलेला आतड्याचा तुकडा सुजून जाड झालेला असे आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या सुजेच्या मधोमध कृमीचा काप दिसे. १९६० साली परजीवीतज्ज्ञ व्हॅन थील आणि सहकाऱ्यांनी हा कृमी हेरिंगमधला असल्याचे प्रसिद्ध केले.

लोक पिढ्यान्‌पिढ्या हेरिंग खात होते, मग आजार तेव्हाच का वाढला? पूर्वी मासा पकडल्याबरोबर बोटीवरच त्याचे पोट साफ करून मीठ भरत. पुढे मासा तसाच बर्फात ठेवून बंदरात आणण्याची पद्धत आली. मासा मेला की त्याच्या आतड्यांभोवतीच्या काही अळ्या पोटाच्या मांसात शिरतात. पोट साफ होईपर्यंत गेलेला वेळ त्यांना पुरेसा होता, असे स्पष्टीकरण तेव्हा दिले गेले. मला ते पटते, पण त्यावर सगळा भार टाकता येत नाही. मासा जिवंत असतानाच काही अळ्या मांसात बसलेल्या असतात, आणि त्यांचे प्रमाण माशाच्या व अनिसाकिसच्या जातीनुसार बदलते. चटकन साफ केल्याने धोका कमी होतो, संपत नाही. डच सरकारने १९६८ साली हेरिंग विक्रीआधी उणे २० अंशांवर किमान २४ तास गोठवणे बंधनकारक केले आणि रुग्णांची संख्या झपाट्याने घटली. खाण्याची पद्धत मात्र बदलली नाही.

जपानमध्ये आजही हा आजार सर्रास दिसतो. तिथली एक नेहमीची घटना पाहू. संध्याकाळी कोणी ‘शिमे साबा’ खातो: मॅकरेलच्या फोडींना मीठ लावून मग व्हिनेगरमध्ये मुरवलेला पदार्थ. मांस वरून पांढरट होते, त्यामुळे शिजल्यासारखे वाटते. पण जी अळी जठराच्या आम्लात रमते, तिला तेवढ्या वेळचे व्हिनेगर मारू शकत नाही. वसाबी आणि सोया सॉसचीही तीच गत. मध्यरात्री त्या माणसाला बेंबीच्या वर कळा सुरू होतात, मळमळते, उलटी होते. ताप बहुधा नसतो. अशा वेळी डॉक्टरांचा सर्वांत उपयोगी प्रश्न ‘काय खाल्लेत’ एवढाच नसून ‘कच्चा मासा खाल्लात का, आणि कधी’ हा असतो. दुर्बीण घातली, की सुजलेल्या लालसर अस्तरात एक टोक रुतवून वळवळणारा पांढरा दोरा दिसतो. तो चिमट्याने हळूच, न तुटता ओढून काढला, की कळा लवकरच ओसरतात. अळी आतड्यात उतरली असेल तर त्रास काही दिवसांनी सुरू होतो. तिथे दुर्बीण सहज पोचत नाही, त्यामुळे अपेंडिक्स समजून शस्त्रक्रिया झाल्याची उदाहरणे आहेत.

अळी मारण्याचे खात्रीचे उपाय दोन: उष्णता आणि गोठवणे. माशाच्या गाभ्यापर्यंत ६० अंश तापमान किमान एक मिनिट पोचले, तर ती मरते. ‘गाभ्यापर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा, कारण जाड तुकडा बाहेरून खरपूस होऊन आत कच्चा राहू शकतो. कच्च्या खाण्याच्या माशासाठी युरोपीय नियम उणे २० अंशांवर २४ तास किंवा उणे ३५ अंशांवर १५ तास सांगतो. हे तापमानही माशाच्या मधोमध हवे. घरचा फ्रीज अनेकदा तितका थंड होत नाही आणि मासा आतपर्यंत गोठायला वेळ घेतो, म्हणून अमेरिकी नियमाप्रमाणे उणे २० अंशांवर सात दिवस ठेवणे घरच्यासाठी अधिक योग्य. उजेडाच्या टेबलावर फोड ठेवून अळ्या शोधतात, पण जाड किंवा गडद मांसात खोल बसलेली अळी नजरेला पडत नाही.

भारतीय समुद्रातल्या माशांतही याच कुळातल्या अळ्या सापडतात. कोकणात मासा बाजारातच किंवा घरी लगेच साफ होतो आणि मग कालवणात उकळतो किंवा तव्यावर कडकडीत तळला जातो. त्यामुळे आपल्याकडच्या पारंपरिक जेवणातून अळी जिवंत पोटात जाण्याची शक्यता फार कमी. मुंबई-पुण्यात सुशी खाणाऱ्यांनी मासा आधी गोठवला होता का, हे जरूर विचारावे. तयार खाद्यावर वाढवलेल्या सामन माशात ही अळी क्वचितच असते, कारण त्याच्या खाण्यात जंगली क्रिल किंवा मासे जिवंत येत नाहीत.

शिजवण्याने आणि गोठवण्याने एक प्रश्न मात्र सुटत नाही. काही लोकांना अनिसाकिसच्या प्रथिनांची ॲलर्जी होते: अंगावर गांधी उठतात, ओठ-पापण्या सुजतात, क्वचित रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येतो. स्पेनमध्ये, जिथे व्हिनेगरमधल्या अँकोव्ही आवडीने खातात, अशा रुग्णांचा बराच अभ्यास झाला आहे. यांतली काही प्रथिने उष्णतेला दाद देत नाहीत, त्यामुळे मेलेली अळी असलेला मासा खाऊनही क्वचित त्रास होतो. अशा रुग्णाला आपल्याला माशाचीच ॲलर्जी आहे असे वाटते. रक्तातल्या अनिसाकिसविरोधी आयजीई प्रतिपिंडांची तपासणी आणि त्या विशिष्ट माशाची वेगळी ॲलर्जी चाचणी केली, तर दोन्हींतला फरक कळू शकतो. मात्र अनेक निरोगी मासेखाऊंच्या रक्तातही ही प्रतिपिंडे आढळतात, म्हणून केवळ त्या अहवालावरून निदान करता येत नाही. त्रास कधी, कोणता मासा खाल्ल्यावर आणि किती वेळाने झाला, हे त्याच्याबरोबर पाहावे लागते.